करड्या बटणामागची कुलपं

मे महिन्याची सुटी, दुपारचे तीन. पुण्यातलं एक घर डोळ्यांसमोर आणू. पंधरा वर्षांच्या मुलाने संगणकावर माइनक्राफ्ट उघडलं आहे. नाशिकच्या मामेभावाने घरातल्या जुन्या संगणकावर खेळाचा सर्व्हर थाटलाय आणि सगळ्या भावंडांना बोलावलंय. ठाण्याची मावसबहीण कधीच आत जाऊन घर बांधायला लागली आहे. या मुलाच्या पडद्यावर मात्र Singleplayer हे बटण उजळ आहे आणि त्याच्या खालचं Multiplayer करडं पडलेलं. त्यावर माउस नेला की एक ओळ उमटते:

```
Multiplayer is disabled. Please check your Microsoft account settings.
```

"आई, वाय-फाय गेलंय का गं?" आतून हाक येते. आई राउटर बंद करून पुन्हा चालू करते. बटण करडंच. मुलगा खेळ काढून टाकतो, तासभर खर्चून पुन्हा बसवतो. बटण करडंच. संध्याकाळपर्यंत घरात दोन पक्ष पडलेले असतात. मुलाचं म्हणणं, खेळ बिघडलाय. बाबांचं म्हणणं, कंपनीला आणखी पैसे हवे असणार.

दोघांचाही अंदाज चुकलेला आहे. खेळ ठणठणीत आहे, इंटरनेट चालू आहे, पैसेही भरून झाले आहेत. हा मुलगा लहान आहे एवढं त्या खात्याला माहीत आहे आणि लहान मुलाला अनोळखी माणसांबरोबर खेळू द्यायचं की नाही, हे घरातल्या मोठ्या माणसाने सांगितल्याशिवाय ते दार उघडणार नाही. ज्या आईकडे ही किल्ली आहे, तीच राउटरशी झटत बसली आहे. किल्ली आपल्याकडे आहे हे तिला ठाऊकच नाही.

अशा वेळी सर्वांत आधी पडद्यावरची ओळ नीट वाचावी. माइनक्राफ्टमध्ये दुसऱ्यांबरोबर खेळता न येण्याची कारणं अनेक असतात आणि प्रत्येक कारणाची ओळ वेगळी असते. Multiplayer हे बटणच करडं असेल, तर अडचण खात्यात आहे. बटण दाबलं जातंय, सर्व्हरचं नाव दिसतंय, पण आत जाताना Connection timed out असं येतंय, तर पुण्याच्या मुलाचं खातं निर्दोष आहे आणि नाशिकचा सर्व्हर बंद आहे किंवा तिथल्या राउटरने बाहेरच्यांची वाट अडवली आहे. Outdated client आलं, तर दोघांकडे खेळाच्या वेगवेगळ्या आवृत्त्या आहेत. You are not whitelisted on this server! असं आलं, तर सर्व्हरच्या मालकाने या मुलाचं नाव आपल्या यादीत लिहिलेलं नाही. Invalid session दिसलं, तर खेळ आणि लाँचर दोन्ही बंद करून पुन्हा उघडायचे, बहुतेक वेळा तेवढ्याने काम होतं. एक्सबॉक्स कन्सोलवर आणखी एक कारण संभवतं. तिथे विकत घेतलेले बहुतेक खेळ ऑनलाइन खेळायला वेगळी वर्गणी भरावी लागते. पण आपला मुलगा संगणकावर आहे, त्याला तो प्रश्न नाही.

एकट्याने खेळता येतंय आणि Multiplayer करडं आहे, ही जोडी दिसली की राउटरला हात लावायचं कारण उरत नाही.

आता हे खातं मुळात आलं कुठून? माइनक्राफ्ट घडवणारी मोजांग ही स्वीडनची कंपनी. मायक्रोसॉफ्टने ती २०१४ मध्ये अडीच अब्ज डॉलरना घेतली. त्यानंतरही संगणकावरच्या जावा आवृत्तीचे खेळाडू कैक वर्षं मोजांगच्याच खात्याने आत जात. मार्च २०२२ पासून मात्र मायक्रोसॉफ्टचं खातं सक्तीचं झालं आणि जुनी खाती हलवून घेण्याची मुदत सप्टेंबर २०२३ मध्ये संपली. मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जन्मतारीख असते, आणि त्या खात्याच्या पोटात एक्सबॉक्सची एक ओळख तयार होते. तिला गेमरटॅग म्हणतात. ज्याने जन्मात एक्सबॉक्सचं यंत्र पाहिलेलं नाही, त्या मुलाच्या माइनक्राफ्टवरही एक्सबॉक्सचे नियम लागू होतात ते या वाटेने. घरात एक्सबॉक्स नाही म्हणून एक्सबॉक्सच्या पानावर जाऊन बघायचं कोणाला सुचतही नाही आणि घोळ इथेच सुरू होतो.

पुण्याच्या आपल्या घरात हे खातं मुलगा बारा वर्षांचा असताना उघडलं होतं. आईने तेव्हा शहाणपणाने वागून खरी जन्मतारीख दिली आणि मायक्रोसॉफ्टचा कुटुंब गट तयार केला. या गटात जास्तीत जास्त सहा जण असतात. मोठ्यांपैकी एक किंवा दोघे 'ऑर्गनायझर', म्हणजे गटाचे कर्ते, आणि मुलं 'मेंबर'. आईने मुलाला मेंबर केलं, रात्री नऊनंतर संगणक बंद होईल अशी वेळ लावली, खेळांची वयोमर्यादा ठरवली आणि ती विसरून गेली. गेल्या वर्षी मुलाने दुसरा एक खेळ मागितला, तेव्हा तिने वयोमर्यादा वाढवून पंधरा केली. म्हणून तर आज तिला कळेना, पंधरापर्यंतचे खेळ आपण मोकळे केले असताना हा अडतो कुठे.

तर या दारावर तीन वेगळी कुलपं आहेत आणि तिन्ही वेगवेगळ्या जागी आहेत. पहिलं कुलूप कुटुंब गटाच्या पानावर, family.microsoft.com इथे. कोणत्या वयापर्यंतचे खेळ आणि अ‍ॅप चालतील, किती वेळ चालतील, पैसे किती खर्च करता येतील, हे तिथे ठरतं. दुसरं कुलूप एक्सबॉक्सच्या पानावर, account.xbox.com/settings इथे, Privacy & online safety या नावाखाली. कोणाबरोबर खेळता येईल, कोणाशी बोलता येईल, कोणाला हा मुलगा दिसेल, हे तिथे ठरतं. तिसरं कुलूप त्या त्या खेळाचं किंवा सर्व्हरचं स्वतःचं. आईने पहिलं कुलूप उघडलं आणि दार उघडलं असं समजली. दुसऱ्याला तिने तीन वर्षांत हात लावलेला नव्हता.

पहिल्या दोन कुलपांतला फरक अगदी साधा आहे, पण तो बहुतेक पालकांच्या नजरेतून निसटतो. खेळाच्या डब्यावरचं वय खेळात काय दाखवलंय यावरून ठरतं. माइनक्राफ्टला युरोपच्या पेगी या मानांकनात ७ वर्षं आणि अमेरिकेच्या ईएसआरबीत १० वर्षांपासून पुढे असा शिक्का आहे, कारण त्यातली मारामारी ठोकळ्यांची आहे. पण त्याच खेळात सर्व्हरवर शिरलेला अनोळखी माणूस मुलाशी काय बोलेल, याचा त्या शिक्क्याशी काहीच संबंध नाही. ईएसआरबी ते स्पष्टच सांगते. खेळाडू एकमेकांशी बोलू शकत असतील तर तशी सूचना वेगळी छापली जाते आणि त्या बोलण्याचं मानांकन केलेलं नसतं. वयोमर्यादा पंधरा केली म्हणून ऑनलाइन खेळ सुरू होत नाही, त्यामागचं कारण हेच. मुलाने काय बघावं हा एक प्रश्न आणि मुलाने कोणात मिसळावं हा दुसरा. दोन्हींची उत्तरं वेगळी द्यावी लागतात, आणि ही रचना योग्य आहे.

या दुसऱ्या कुलपामागे कायदा उभा आहे. अमेरिकेत १९९८ साली मुलांच्या ऑनलाइन खासगीपणाचा कायदा झाला, त्याला 'कॉपा' म्हणतात. तेरा वर्षांखालच्या मुलाची वैयक्तिक माहिती घ्यायची तर आधी पालकांची संमती घ्या, असं तो सांगतो. पुढे या माहितीत मुलाचा आवाज आला, छायाचित्र आलं, ज्या टोपणनावाने मुलाशी थेट संपर्क साधता येतो ते नावही आलं. ऑनलाइन खेळात नेमकं हेच सगळं वाहत असतं. मुलगा कानाला हेडफोन लावून "अरे, मागे बघ!" असं ओरडतो, तेव्हा त्याचा आवाज कंपनीच्या यंत्रणेतून दुसऱ्याच्या घरात जातो. गप्पांच्या खिडकीत तो शाळेचं नाव लिहितो, ते अनोळखी माणसापर्यंत पोहोचतं. म्हणून लहान मुलाचं खातं उघडताना कंपनीने ही दारं बंद ठेवायची आणि उघडायचं काम पालकांवर सोपवायचं, असा रिवाज पडला.

रिवाज मोडला की काय होतं, तेही जगाने पाहिलं आहे. जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने एक्सबॉक्सच्या प्रकरणात मायक्रोसॉफ्टकडून दोन कोटी डॉलर दंड घेतला. आयोगाचं म्हणणं असं होतं की मुलाने आपलं वय तेराच्या खाली सांगितल्यावरही २०२१ च्या उत्तरार्धापर्यंत त्याच्याकडे फोन नंबर मागितला जाई, सेवा-करारावर त्याची संमती घेतली जाई, आणि पालकांना बोलावण्याची पायरी त्यानंतर येई. कित्येक पालक त्या पायरीपर्यंत पोहोचतच नसत. अर्धवट राहिलेल्या अशा खात्यांची माहितीही कंपनीकडे पडून राहत होती, काही वेळा वर्षानुवर्षं. तडजोडीत एक अट अशी घातली गेली की मे २०२१ पूर्वी उघडलेलं खातं अजूनही लहान मुलाचं असेल तर पालकांची संमती घ्यावी. कालपर्यंत चालणारं खातं एके दिवशी अचानक पालकांची परवानगी मागू लागलं, तर त्यामागे असं काही असू शकतं.

त्याच्या सहा महिने आधी, डिसेंबर २०२२ मध्ये, 'फोर्टनाइट' हा खेळ काढणाऱ्या एपिक गेम्सला याच कायद्याखाली साडेसत्तावीस कोटी डॉलर भरावे लागले. तिथे आक्षेप नेमका उलट्या बाजूचा होता. लहान मुलांसाठी आवाजाच्या आणि लेखी गप्पा सुरुवातीपासूनच चालू ठेवलेल्या होत्या. लहान मुलं अनोळखी मोठ्यांच्या संगतीत खेळत होती आणि त्यांना त्रास दिला जात होता. आता एपिकमध्ये लहान मुलाने खातं उघडलं की ते आखडतं खातं असतं. मुलाला सामना खेळता येतो, पण गप्पा आणि खरेदी पालक 'हो' म्हणेपर्यंत बंद राहतात. एक्सबॉक्समध्ये मैदानाचं दारही बंद असू शकतं, एपिकमध्ये मैदान मोकळं आणि तोंड बंद. ज्याच्या घरी दोन्ही खेळ आहेत, त्याचा गोंधळ त्यामुळे दुप्पट होतो. "फोर्टनाइट चालतं, मग माइनक्राफ्टच का नाही?" हा मुलाचा प्रश्न रास्त असतो.

'लहान' कोण, हेही देशागणिक बदलतं. युरोपात पालकांच्या संमतीचं वय प्रत्येक देशाने तेरा ते सोळाच्या दरम्यान आपापलं ठरवलं आहे. जर्मनीत ते १६ आहे, फ्रान्समध्ये १५, ब्रिटनमध्ये १३. चौदा वर्षांच्या मुलाला घेऊन लंडनहून म्युनिकला बदलीवर गेलेल्या मराठी कुटुंबाला कायद्याच्या या दोन रेषा ओलांडाव्या लागतात. मुलगा तोच असतो, एका देशात संमतीचं वय ओलांडलेला आणि दुसऱ्या देशात दोन वर्षं अलीकडे. भारताने रेषा सर्वांत वर ओढली आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती मूल आहे आणि तिची माहिती हाताळण्यापूर्वी पालकांची पडताळून पाहता येईल अशी संमती घ्यावी लागते. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि कंपन्यांना तयारीसाठी मुदत मिळाली. अकरावी-बारावीतल्या मुलांच्या खात्यांवर पालकांच्या परवानगीचा प्रश्न यापुढे आपल्याकडे वाढणार, हे त्यावरून दिसतं.

आता पुण्याच्या घरात परत येऊ आणि ते बटण उजळवू.

आईने स्वतःच्या फोनवर किंवा स्वतःच्या संगणकावर बसावं. इथेच पहिली ठेच लागते. मुलाच्या संगणकावर ब्राउझर उघडला की आत मुलाचंच खाते चालू असतं. तेच पान दिसतं, त्याच ओळी दिसतात, पण बदल करता येत नाही, कारण कुलूप ज्याला लावलंय त्याच्याच हातात किल्ली कशी देणार? मुलाचाच संगणक वापरायचा असेल तर ब्राउझरची खासगी खिडकी उघडून तिथे आईच्या खात्याने आत जावं आणि काम झालं की ते बंद करावं. पासवर्ड जतन करू का, असं ब्राउझर विचारेल, त्याला 'नाही' म्हणावं. नाहीतर पुढच्या महिन्यात सगळी कुलपं मुलगाच उघडून बसेल.

आत गेल्यावर account.xbox.com/settings हे पान उघडायचं आणि Privacy & online safety वर जायचं. तिथे आईचं नाव दिसतं आणि कुटुंबातल्या मुलांचीही. मुलाचं नाव निवडायचं. घाईत हे राहून जातं, आई स्वतःच्याच खात्यावर सगळ्या परवानग्या देते आणि मुलाचं बटण तसंच राहतं. मुलाचं नाव यादीत दिसतच नसेल, तर दोन शक्यता असतात. एक, मुलगा कुटुंब गटात आलेलाच नाही. आईने आमंत्रण पाठवलं, पण ते मुलाच्या ईमेलमध्ये न उघडता पडून आहे. दोन, मुलगा गटात आहे पण त्याने एकदाही एक्सबॉक्समध्ये प्रवेश केलेला नाही, त्यामुळे त्याचा गेमरटॅगच तयार झालेला नाही. मग मुलाने एकदा xbox.com वर आपल्या खात्याने जावं आणि ती ओळख तयार करावी. त्या वेळी खरं नाव, आडनाव, शाळा किंवा जन्मसाल गेमरटॅगमध्ये येणार नाही एवढं बघावं, कारण ते नाव साऱ्या जगाला दिसतं.

मुलाचं नाव निवडलं की लांबलचक यादी उघडते. ती वाचून छाती दडपते, पण आजच्या कामाची ओळ एकच आहे:

```
You can join multiplayer games
```

तिच्यापुढे Block असेल, ते Allow करायचं. मामेभावाने सर्व्हरऐवजी माइनक्राफ्टचं भाड्याचं 'रेल्म' घेतलं असतं, तर You can create and join clubs हीदेखील मोकळी करून बघायची, कारण आमंत्रितांच्या त्या गटालाही ही ओळ अडवू शकते. त्यानंतर येते बोलण्याची ओळ, Others can communicate with voice, text, or invites. इथे तीन पर्याय असतात: सगळे, फक्त मित्र, कोणीच नाही. पंधरा वर्षांच्या मुलासाठी 'फक्त मित्र' हा मधला पर्याय घ्यावा, असं या लेखकाचं मत आहे. पण एक लक्षात ठेवावं. गप्पांचं दार पूर्ण बंद ठेवून खेळाचं दार उघडलं, तर मुलगा आत जाईल आणि भावंडांना एक अक्षरही लिहू शकणार नाही. तेव्हा Chat not allowed by account settings अशी ओळ येते आणि घरात पुन्हा 'खेळ बिघडला' सुरू होतं.

सगळं करून झालं की पानाच्या तळाशी Submit असतं. ते दाबल्याशिवाय काहीही नोंदलं जात नाही. फोनच्या छोट्या पडद्यावर ते बटण खाली दडलेलं असतं आणि अर्ध्या पालकांची मेहनत तिथेच वाया जाते असं वाटण्याइतका हा चकवा नेहमीचा आहे.

यानंतरही बटण लगेच उजळेल असं नाही. माइनक्राफ्टचा लाँचर एकदा आत गेला की खात्याच्या परवानग्या मनात धरून बसतो. मुलाने नुसता खेळ बंद करून भागत नाही. लाँचरमधून खात्यातून बाहेर पडायचं, लाँचर बंद करायचा, पुन्हा उघडून पासवर्ड घालून आत यायचं. तरी करडंच राहिलं तर थोडा वेळ जाऊ द्यावा. बदल सगळीकडे पोहोचायला कधी कधी काही काळ लागतो. दिवस उलटला तरी फरक नसेल, तर एक्सबॉक्सचं तेच पान पुन्हा उघडून Allow टिकलंय का ते बघावं. ते Block वर परत गेलेलं दिसलं, तर Submit दाबायचं राहिलं होतं असं खुशाल समजावं.

एक वेगळीच फजिती काही घरांत सापडते. आईच्या खात्याला कर्तेपण घेताच येत नाही. कारण शोधलं तर कळतं, वर्षांपूर्वी ते खातं उघडताना कोणीतरी जन्मतारखेच्या जागी त्या दिवशीचीच तारीख घातली होती. यंत्रणेच्या लेखी आई तिसरी-चौथीत आहे. हसू येईल, पण उपाय वेळखाऊ असतो, कारण लहान मानलेल्या खात्याची तारीख सहजासहजी बदलता येत नाही, आणि ते बरोबरच आहे. ती सहज बदलता आली असती तर प्रत्येक मुलाने बदलली असती.

मुलं तसं करायला बघतातच. मित्राचा सल्ला ठरलेला असतो: "अरे, नवीन खातं काढ आणि साल १९९५ टाक." त्याने बटण उजळतं, हे खरं. पण जुन्या खात्यावर विकत घेतलेला खेळ नव्या खात्यात येत नाही, तो पुन्हा विकत घ्यावा लागतो. याहून मोठं नुकसान डोळ्यांना दिसत नाही. खोट्या वयाचं ते खातं आता मोठ्या माणसाचं आहे. अनोळखी माणसांचे संदेश, आमंत्रणं, आवाज, सगळं त्याच्यासाठी मोकळं आहे, आणि कुटुंब गटात ते नसल्यामुळे आईला त्यातलं काहीच दिसत नाही. एका बटणासाठी सगळीच कुलपं निघतात. शिवाय हा मार्गही हळूहळू अरुंद होतो आहे. ब्रिटनमध्ये ऑनलाइन सुरक्षिततेच्या कायद्यामुळे मायक्रोसॉफ्टने जुलै २०२५ पासून स्वतःला प्रौढ म्हणवणाऱ्या एक्सबॉक्स खेळाडूंकडे वयाचा पुरावा मागायला सुरुवात केली. पुरावा न देणाऱ्याला अनोळखी लोकांशी बोलता येणार नाही, मित्रांपुरतंच बोलता येईल, अशी ती योजना आहे. तिथे १९९५ साल टाकून भागत नाही.

आईच्या मनात इतकं सगळं झाल्यावर एक शंका उरते आणि ती अगदी बरोबर असते. आपण Allow म्हटलं ते नाशिकच्या भाच्याच्या सर्व्हरसाठी. पण ही परवानगी फक्त त्याच सर्व्हरची आहे का? नाही. हे या कुलपाचं मोठं उणेपण आहे. एक्सबॉक्सची ती ओळ 'दुसऱ्यांबरोबर खेळता येईल' एवढंच जाणते. ते दुसरे म्हणजे नाशिकची भावंडं की हजार अनोळखी माणसांचा परदेशातला सर्व्हर, यात ती फरक करत नाही. जावा आवृत्तीत कोणत्याही सर्व्हरचा पत्ता टाकून आत जाता येतं. मधली चाळण आईच्या पानावर नाही, ती तिसऱ्या कुलपात आहे, म्हणजे सर्व्हरच्या मालकाकडे.

म्हणून आई नाशिकला फोन लावते. "अरे, तुझ्या त्या सर्व्हरवर कोण कोण येतं?" भाचा जरा चाचरतो. पत्ता त्याने शाळेच्या गटात टाकला होता, तिथून पुढे कोणी कोणाला दिला त्याला माहीत नाही. "मामी नाहीस तू माझी, आत्या आहेस, म्हणून सांगतो," तो म्हणतो, "परवा एक कोणीतरी येऊन ताईचं घर जाळून गेला." त्याच्यासमोर उपाय दोन ओळींचा आहे. सर्व्हर ज्या संगणकावर चालतो, तिथल्या खेळात मालक म्हणून त्याने एवढंच लिहायचं:

```
/whitelist on
/whitelist add PlayerName
```

पहिल्या ओळीने दार फक्त यादीतल्यांसाठी उरतं. दुसरी ओळ प्रत्येक भावंडाचं खेळातलं नाव घालून एकेकदा लिहायची. यानंतर शाळेच्या गटातून पत्ता कितीही दूर गेला, तरी अनोळखी माणसाला दारातच थांबावं लागतं. आई मुलालाही सर्व्हरच्या आतलं एक दाखवून ठेवते. खेळ चालू असताना P ही कळ दाबली की Social Interactions हा पडदा येतो. तिथे कोणाचेही संदेश लपवता येतात, आणि २०२२ च्या १.१९.१ या आवृत्तीपासून गप्पांमधल्या गैरवर्तनाची तक्रारही तिथूनच करता येते.

सायंकाळी साडेसात वाजता मुलगा लाँचरमधून बाहेर पडतो, पुन्हा आत येतो. Multiplayer उजळलेलं आहे. पत्ता टाकल्यावर एक ओळ येते, You are not whitelisted on this server!, आणि या वेळी घरात कोणी राउटरकडे धावत नाही. मुलगा नाशिकला फोन करतो, "दादा, माझं नाव टाकायचं राहिलं," आणि अर्ध्या मिनिटात तो आत असतो. ठाण्याची बहीण जळालेल्या घराचे ठोकळे पुन्हा रचत असते. नऊला पाच मिनिटं असताना पडद्यावर सूचना येते, आजची वेळ संपत आली. ते पहिलं कुलूप, आईनेच तीन वर्षांपूर्वी लावलेलं. मुलगा जादा वेळेची मागणी पाठवतो, स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवलेला फोन वाजतो, आणि आई पिठाच्या हाताने अर्धा तास वाढवून देते.